इतिवृत्तातली नावे झाकून प्रत देताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे जिल्ह्यातल्या कार्यालयांत मी अनेक वर्षे जन माहिती अधिकारी म्हणून काम केले. बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत मागणारा अर्ज आला की टेबलावर दोनच सूर ऐकू येत. एक, "सगळे नाकारून टाका, उगाच झंझट नको." दुसरा, "आहे तसे देऊन टाका, अपील नको." दोन्हींत कुणाचे तरी नुकसान होते. पुढचे प्रश्न मला सहकाऱ्यांनी, अर्जदारांनी आणि काही वेळा इतिवृत्तात नाव आलेल्या माणसांनी विचारलेले आहेत.

इतिवृत्तात खासगी नावे आहेत, म्हणून अख्खे इतिवृत्त नाकारता येते का?

नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चे कलम १० नेमके याच प्रसंगासाठी आहे. अभिलेखाचा जो भाग कलम ८ खाली न देण्यासारखा आहे तो वेगळा काढता येत असेल, तर उरलेला भाग द्यावाच लागतो. नऊ पानांत सहा ओळी झाकाव्या लागत असतील तर सहा ओळी झाकून नऊ पाने द्यायची.

कलम ४(१)(ख) च्या माहितीत प्रत्येक कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायची एक बाब आहे : आपली मंडळे आणि समित्या कोणत्या, त्यांच्या बैठका जनतेसाठी खुल्या आहेत का, आणि इतिवृत्ते लोकांना पाहायला मिळतात का. उत्तर लिहिण्याआधी आपल्याच कार्यालयाने तिथे काय छापले आहे ते वाचा. "इतिवृत्त उपलब्ध" असे स्वतः छापून पुढे अर्ज नाकारलेली पत्रे मी वाचली आहेत.

आणि ८(१)(झ) चा आधार घेऊ नका. ते कलम मंत्रिमंडळाच्या कागदपत्रांसाठी आहे. महापालिकेच्या, पंचायत समितीच्या किंवा शाळा समितीच्या बैठकीला ते लागत नाही.

एक उदाहरण घेऊन सांगाल का?

हो, पुढची सगळी उत्तरे एकाच इतिवृत्ताभोवती ठेवतो. इतिवृत्त समजावण्यासाठी रचलेले आहे, पण त्यातली एकेक अडचण मी हाताळलेली आहे.

झाडे तोडण्याच्या परवानग्या देणाऱ्या एका समितीची बैठक. नऊ पाने, शिवाय उपस्थितीपत्रक. विषय क्र. १, मागील इतिवृत्त कायम करणे. विषय क्र. २, घोडबंदर रस्त्यालगतच्या एका बांधकामासाठी ४२ झाडे तोडण्याची विकासकाची मागणी आणि त्यावर तीन नागरिकांच्या हरकती. विषय क्र. ३, उद्यान अधीक्षकांचा अभिप्राय आणि सदस्यांची चर्चा. विषय क्र. ४, एका माळ्याची दीर्घ आजारपणाची रजा. विषय क्र. ५, रोपे पुरवण्याच्या निविदेतल्या दरांवर वाटाघाट. मागणी साधी आहे : "इतिवृत्ताची उपस्थितीपत्रकासह साक्षांकित प्रत मिळावी."

अधिकाऱ्यांची आणि समिती सदस्यांची नावे झाकायची का?

झाकायची नाहीत. अध्यक्ष, सदस्य, अधीक्षक, इतिवृत्त लिहिणारा लिपिक, सगळे तिथे पदामुळे बसले आहेत. अधिकारी-कर्मचाऱ्यांची यादी आणि त्यांचे मासिक वेतनसुद्धा कलम ४(१)(ख) नुसार कार्यालयानेच जाहीर करायचे असते. जे नाव यादीत छापले आहे ते इतिवृत्तात काळे करायला कारण उरत नाही.

कोणी काय मत दिले हेही झाकायचे नाही. "अधीक्षकांनी ४२ पैकी ११ झाडे वाचवता येतील असे सांगितले, तरी प्रस्ताव मंजूर" ही ओळ अडचणीची वाटते, म्हणून तिच्यावर शाई फिरवावीशी वाटते. पण अडचण होणे हे कलम ८ मध्ये कुठेही कारण म्हणून दिलेले नाही.

उपस्थितीपत्रकात मात्र बहुतेकांनी स्वतःचा मोबाइल क्रमांक लिहिलेला असतो. तो रकाना झाका. नाव, पद आणि सही राहू द्या.

परीक्षक आणि मुलाखत मंडळ यांचा अपवाद आहे. २०११ मध्ये सीबीएसईच्या उत्तरपत्रिकांच्या खटल्यात आणि २०१२ मध्ये बिहार लोकसेवा आयोगाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांची ओळख ८(१)(छ) खाली उघड न करण्याला मान्यता दिली, कारण गुण कमी पडलेला उमेदवार त्यांच्या दारात उभा राहू शकतो. भरतीच्या निवड समितीचे इतिवृत्त देताना हे लक्षात ठेवा. झाडांच्या समितीला हा निकाल लावू नका.

हरकती घेणाऱ्या नागरिकांचे काय?

सगळ्यांत काळजीपूर्वक हाताळायचा भाग हा. विषय क्र. २ मध्ये तिघांची नावे, इमारत, सदनिका क्रमांक आणि फोन नंबर आहेत. तिसऱ्या हरकतीत असे लिहिले आहे की, जागेवर फोटो काढताना आपल्याला दमदाटी झाली आणि "घर माहीत आहे" असे बजावले गेले.

हरकतीचा मजकूर पूर्ण द्यायचा. किती झाडे, कोणत्या जातीची, घरट्यांचा मुद्दा, पर्यायी आराखडा, यांतले काहीच खासगी नाही. पत्ता आणि फोन तिघांचेही झाकायचे, वैयक्तिक माहितीसाठीच्या ८(१)(ञ) खाली. नावेही झाकावीत असे माझे मत आहे, कारण प्रश्न झाडांचा आहे, हरकत कुणी घेतली याचा नाही. तिसऱ्या व्यक्तीचे नाव तर ८(१)(छ) खाली येते, कारण ते उघड झाल्याने तिच्या शारीरिक सुरक्षिततेला धोका आहे. त्या पट्टीजवळ (छ) आणि (ञ) अशी दोन्ही कलमे लिहायची.

पट्टीवर "हरकतदार १", "हरकतदार २", "हरकतदार ३" अशी खूण घाला. नुसत्या काळ्या पट्ट्या असल्या की पान ६ वर बोलणारी व्यक्ती पान ३ वरचीच आहे का, हे वाचणाऱ्याला कळत नाही आणि चर्चेचा अर्थच हरवतो.

आता मराठीची स्वतःची एक अडचण. नाव झाकले, पण खाली वाक्य उरले : "हरकतदार ३ म्हणाल्या की…" पहिले दोघे "म्हणाले" आणि तिसऱ्या "म्हणाल्या". तिघांत एकच बाई असेल आणि त्या परिसरात झाडांसाठी धावपळ करणाऱ्या बाई सगळ्यांना माहीत असतील, तर पट्टीचा उपयोग शून्य. अशा ठिकाणी क्रियापदही झाकावे लागते. ते बदलून "म्हणाले" करायचे नाही. अभिलेखातला शब्द बदलण्याचा अधिकार आपल्याला नाही, फक्त झाकण्याचा आहे. "निवृत्त मुख्याध्यापिका", "बी विंगच्या सेक्रेटरी" अशी वर्णनेही शोधा. पट्ट्या मारून झाल्यावर त्या भागात राहणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याच्या नजरेने पान वाचा आणि विचारा, मला कळले का ही कोण?

विकासकाचे नाव मात्र झाकू नका. कंपनीला वैयक्तिक माहितीचे संरक्षण नाही, आणि ज्याने सार्वजनिक परवानगी मागितली त्याचे नाव हा त्या निर्णयाचाच भाग आहे.

८(१)(ञ) बदलले म्हणतात. आता सगळीच नावे झाकायची का?

बदलले हे खरे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ४४(३) ने ही दुरुस्ती केली आणि ती नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. आधी वैयक्तिक माहिती नाकारण्यासाठी ती सार्वजनिक कामकाजाशी संबंधित नाही किंवा दिल्याने खासगीपणावर अवाजवी आक्रमण होते, असे दाखवावे लागे. त्या अटी गेल्या. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कुणालाही नाकारता येणार नाही, हे परंतुकही गेले.

पण ८(२) जागेवर आहे. संरक्षण करण्यामुळे होणाऱ्या हानीपेक्षा सार्वजनिक हित मोठे असेल तर माहिती देता येते, आणि ते तोलण्याचे काम जन माहिती अधिकाऱ्याचे आहे. नव्या शब्दरचनेच्या आडोशाने अधिकाऱ्यांची नावे, मतदान, मतभेद पुसून टाकणारी उत्तरे मला मनापासून चुकीची वाटतात. माझी पद्धत अशी : प्रत्येक पट्टीसाठी ८(२) वर एक वाक्य टिपणीत लिहायचे. सदनिका क्रमांकासाठी ते सहज लिहिता येते. अधीक्षकाच्या अभिप्रायासाठी लिहायला बसलात की पेन अडते, आणि पेन अडले तर ती पट्टी काढायची.

आजारपण, कौटुंबिक गोष्टी, लैंगिक छळाची तक्रार?

विषय क्र. ४ मध्ये माळ्याच्या आजाराचे नाव, रुग्णालय आणि शस्त्रक्रिया झाकायची. रजा मंजूर झाली, त्याच्या जागी बदली कामगार घेतला आणि त्याचा खर्च किती, हे द्यायचे. माळी एकच असेल तर त्याचे नाव झाकून उपयोग नाही, हजेरीपटावरून कळतेच. तिथे आजाराचा तपशील झाकणेच कामाचे.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा विषय इतिवृत्तात आला असेल तर नियम वेगळा. २०१३ च्या त्या अधिनियमाचे कलम १६ माहिती अधिकारावर मात करते. तक्रारीचा मजकूर, तक्रारदार, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो आणि साक्षीदार यांची ओळख, चौकशी, शिफारस, कारवाई, यांतले काही लोकांसमोर जात नाही. तो परिच्छेद पूर्ण झाकायचा. पीडितेला न्याय मिळाला, एवढे तिची ओळख न सांगता सांगता येते.

निविदेच्या दरांचे काय?

वाटाघाट चालू असताना पुरवठादारांनी सांगितलेले दर ८(१)(घ) खाली झाकता येतात, कारण उघड झाले तर त्यांच्या स्पर्धात्मक स्थितीला धक्का बसतो. कार्यादेश निघाला की हे कारण संपते. म्हणून उत्तरात लिहा, "निविदा प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत". अर्जदाराला पुन्हा कधी मागायचे ते कळते.

ज्यांची नावे आहेत त्यांना विचारायचे का?

जे झाकणारच आहात त्यासाठी विचारण्याची गरज नाही. त्रयस्थ व्यक्तीने गोपनीय मानलेली माहिती द्यायचा तुमचा विचार असेल, तेव्हा कलम ११ येते. अर्ज मिळाल्यापासून ५ दिवसांत तिला लेखी नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यापासून १० दिवसांत ती म्हणणे मांडते, आणि अशा अर्जावर निर्णयाला ४० दिवस मिळतात. आपल्या उदाहरणात हे फक्त पुरवठादारांसाठी लागेल, तेही दर द्यायचे ठरवले तर. त्यांचे "नको" हा नकाराधिकार नाही, तो विचारात घ्यायचा मुद्दा आहे.

संगणकावर नाव शोधून सगळीकडे झाकले, तरी कसे राहून जाते?

कारण मराठीत नाव एका रूपात राहत नाही. "पाटील" शोधलेत तर "पाटलांनी" सापडत नाही. "मोरे" शोधलेत तर "मोऱ्यांचे" सुटते; नुसते "मोर" शोधूनही सुटते, कारण "ऱ्या"मधला र हे संगणकासाठी वेगळे अक्षर आहे. "घोडके" आणि "घोडक्यांना" यांचेही तेच. आडनावाची पहिली दोन अक्षरेच शोधा, "पाट", "घोड", आणि जास्त सापडले तर वाचून गाळा. "मो" सारख्या छोट्या तुकड्याचा उपयोग नाही, तिथे डोळ्यांनीच वाचावे लागते. पहिले नाव, "ताई", "साहेब", "सौ.", आद्याक्षरे यांच्यासाठी वेगळा शोध घ्या.

जुनी इतिवृत्ते युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप झालेली असतात. पडद्यावर मराठी दिसते, पण फाइलच्या आत भलतीच अक्षरे असतात. तिथे शोध शून्य दाखवतो आणि लिपिक समजतो की नाव नाहीच. पीडीएफमधल्या युनिकोड मराठीतही जोडाक्षरे तुटून शोध फसतो. म्हणून सुरुवातीला एक कसोटी : जे नाव पान २ वर डोळ्यांना दिसते आहे तेच शोधून पाहा. सापडले नाही तर शोधावर विसंबू नका, कागद छापून पट्टी धरून ओळ न् ओळ वाचा. नऊ पानांना अर्धा-पाऊण तास लागतो.

काळे कसे करायचे म्हणजे खालचे वाचता येणार नाही?

मूळ प्रतीला हात लावायचा नाही, हे सगळ्यांत आधी. झेरॉक्स काढा आणि तिच्यावर काम करा.

कागदावर नुसता मार्कर फिरवला तर पान उजेडासमोर धरल्यावर अक्षरे दिसतात, मागूनही वाचता येतात. मार्कर फिरवलेल्या पानाची पुन्हा झेरॉक्स काढायची आणि ती दुसरी प्रत द्यायची. त्याहून चांगले म्हणजे पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर कलम लिहायचे आणि मग झेरॉक्स काढायची. दुसरी प्रत खिडकीपाशी नेऊन पाहा, मगच साक्षांकनाचा शिक्का मारा.

पीडीएफमध्ये फसगत जास्त होते. नावावर काळा चौकोन काढला तरी खालची अक्षरे फाइलमध्ये तशीच राहतात. एका कार्यालयातून गेलेल्या अशा फाइलमधून अर्जदाराने मजकूर सरळ कॉपी करून दाखवलेला मी पाहिला आहे. बारा पट्ट्यांखालची बारा नावे बाहेर आली. वर्डमध्ये काळ्या अक्षरांना काळी पार्श्वभूमी देणे हाही तोच प्रकार. फाइल पाठवण्यापूर्वी `Ctrl+A`, मग `Ctrl+C` करून नोटपॅडमध्ये `Ctrl+V` करा. झाकलेले काही उमटले तर फाइल परत घ्या. जुन्या फाँटचे इतिवृत्त असेल तर नोटपॅडमध्ये भलती अक्षरे उमटतात; पट्टीच्या जागी काहीही उमटले तरी झाकलेले नाही असेच समजा. लिबरऑफिसमध्ये `Tools > Redact` आहे, ते पानाचे चित्र करून मगच पट्ट्या मारते. ते नसेल तर छापून, झाकून, स्कॅन करणे सगळ्यांत खात्रीचे. स्कॅनर अक्षरओळख करत असेल तरी चालते, पट्टीखाली ओळखायला काही उरलेलेच नसते.

पट्ट्यांची लांबी सारखी ठेवा. दोन अक्षरी आडनावावर दोन अक्षरांची पट्टी मारली की जाणकार लगेच ओळखतो. फाइलचे नावही पाहा. इतिवृत्त झाकून "हरकत_अमुक_बाई.pdf" अशा नावाने ते पाठवल्याचे उदाहरण घडलेले आहे.

उत्तराच्या पत्रात काय लिहायचे?

कलम १०(२) नुसार अंशतः माहिती देत आहोत हे, कारणे, निर्णय घेणाऱ्याचे नाव व पदनाम, शुल्काचा तपशील आणि अपिलाची माहिती. माझा नमुना साधारण असा :

"इतिवृत्ताची ९ पाने व उपस्थितीपत्रकाचे १ पान देण्यात येत आहे. पान ३ व ६ वरील हरकतदारांची नावे, पत्ते व दूरध्वनी कलम ८(१)(ञ) नुसार, हरकतदार ३ यांची ओळख कलम ८(१)(छ) नुसार (इतिवृत्तातच धमकीची नोंद आहे), पान ८ वरील वैद्यकीय तपशील कलम ८(१)(ञ) नुसार, पान ९ वरील दर निविदा प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत कलम ८(१)(घ) नुसार, व उपस्थितीपत्रकातील वैयक्तिक मोबाइल क्रमांक कलम ८(१)(ञ) नुसार झाकले आहेत. कलम ८(२) चा विचार केला असून उर्वरित मजकूर पूर्ण दिला आहे."

फाइलमध्ये तीन प्रती ठेवा : कोरी, पेन्सिलने खुणा केलेली, आणि दिलेली. अपिलात नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १९(५) नुसार आपली असते, आणि तिथे खुणांची प्रतच उपयोगी पडते.

शुल्क आणि मुदत?

अर्जाला १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये. आपल्या उदाहरणात दहा पानांचे २० रुपये. झाकण्याच्या मेहनतीचे वेगळे पैसे लावता येत नाहीत. मुदत ३० दिवस. शुल्क कळवल्यापासून ते भरेपर्यंतचे दिवस त्यात धरत नाहीत. मुदत चुकली तर प्रत फुकट द्यावी लागते.

अर्जदार म्हणतो, "मला प्रत नको, फाइल बघतो." मग?

अवलोकनालाही कलम १० लागू आहे. मूळ फाइल समोर ठेवून "ही ओळ वाचू नका" म्हणता येत नाही. झाकलेली झेरॉक्स आधी तयार करून तीच दाखवायची. ही तयारी न केल्यामुळे अवलोकनाच्या टेबलावर, मोबाइलच्या एका फोटोत, सगळी काळजी वाया जाते.

मी अर्जदार आहे. पट्ट्या फार वाटतात. काय करू?

प्रत्येक पट्टीला कलम आहे का ते पाहा. नसेल तर तेवढ्या एका मुद्द्यावर ३० दिवसांत प्रथम अपील करा. "सगळी नावे द्या" असे मागण्यापेक्षा "पान ५ वरील अधिकाऱ्याचा अभिप्राय कोणत्या कलमाखाली झाकला?" असे विचारलेत तर अपीलीय अधिकाऱ्याला थेट निर्णय द्यावा लागतो. द्वितीय अपील ९० दिवसांत, आपल्या जिल्ह्यासाठी राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे, नवी मुंबईत. चौकशी चालू आहे एवढ्याच कारणाने ८(१)(ज) लावले असेल, तर माहिती दिल्याने तपासात अडथळा नेमका कसा येतो हे विचारा. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगत सिंग यांच्या खटल्यात तेच म्हटले होते.

चुकून नाव गेलेच, तर?

ज्यांचे नाव गेले त्यांना त्याच दिवशी फोन करा, अर्जदाराला नंतर. हरकतदार ३ सारखी व्यक्ती असेल तर तिला पोलीस ठाण्यात कळवायचे आहे का ते विचारा आणि तुमचे पत्र सोबत द्या. अर्जदाराकडून प्रत परत मागा आणि दुरुस्त प्रत विनाशुल्क द्या, पण परत देण्याची सक्ती करता येत नाही हे ध्यानात ठेवा. माझ्या अनुभवात, नीट समजावून सांगितल्यावर बहुतेकांनी प्रत परत दिली. पोर्टलवर चढवली असेल तर ती फाइल काढून नवी टाका, आणि तीच फाइल कार्यालयाच्या व्हॉट्सअॅप गटात कुणी पुढे पाठवली आहे का, तेही बघा.